गेटमधून गाडी रिव्हर्स काढताना आधी कोण जाणार, आणि मागे नेमकं कसं बघायचं

नवीन लायसन्स हातात आलं की धास्ती वाटते ती चौकांची, घाटांची, नाहीतर हायवेवरच्या ट्रकची. सोसायटीच्या गेटमधून गाडी मागे घेत रस्त्यावर आणणं हे काही वेगळं शिकायचं काम आहे असं कुणाला वाटतच नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रिव्हर्स शिकवतात तो मोकळ्या मैदानात किंवा टेस्टच्या ट्रॅकवर. तिथे दोन्ही बाजूंना कंपाउंडची भिंत नसते, फुटपाथवरून दूधवाला जात नसतो, आणि खाली अंगणात कुणाचं पोर खेळत नसतं. घराबाहेर पडताना मात्र पहिल्या दिवसापासून हे सगळं एकदम समोर, किंवा खरं तर मागे, असतं.

म्हणून या लेखात बाकी काही नाही, फक्त एवढंच: गेटमधून किंवा पार्किंगच्या जागेतून गाडी मागे काढताना कुणी कुणाला जाऊ द्यायचं, आणि मागे बघायचं म्हणजे काय करायचं.

नियम काय म्हणतो

उत्तर एका वाक्यात आहे. रिव्हर्स घेणाऱ्याने बाकी सगळ्यांना जाऊ द्यायचं. रस्त्याने सरळ जाणारी कार, रिक्षा, स्कूटर, सायकल, फुटपाथवरून चालणारा माणूस, हे सगळे आधी, तुम्ही त्यानंतर.

आपल्याकडे हे केवळ सभ्यतेपोटी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११८ खाली केंद्र सरकारने गाडी चालवण्याचे नियम केलेले आहेत. १९८९ च्या जुन्या नियमांच्या जागी २०१७ मध्ये नवे आले. रिव्हर्सबद्दल त्यांचा गाभा असा की, गाडी मागे घेण्याआधी आपल्यामुळे कुणाला धोका किंवा अडचण होणार नाही याची खात्री चालकाने स्वतः करून घ्यायची, आणि गरजेपेक्षा जास्त अंतर किंवा जास्त वेळ रिव्हर्स चालवायचं नाही. हे नियम मोडल्यास कलम १७७-अ प्रमाणे ५०० ते १००० रुपये दंड आहे. दंडाची रक्कम बघून कुणी घाबरणार नाही, पण ‘खात्री करून घ्यायची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. धडक झाल्यावर ‘मला दिसलंच नाही’ असं म्हटलं, की ती सबब राहत नाही; खात्री न करता गाडी मागे घेतल्याची ती कबुलीच ठरते.

याबाबत तीन गैरसमज पार्किंगमध्ये रोज ऐकू येतात. पहिला, ‘उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य’. तो नियम चौकासाठी आहे. तुमच्या सोसायटीचं गेट म्हणजे चौक नव्हे, त्यामुळे डावीकडून येणारा असो की उजवीकडून, दोघेही तुमच्या आधी. दुसरा, ‘माझी गाडी अर्धी बाहेर आलीच होती, त्याने थांबायला हवं होतं’. शहाणा माणूस थांबतोच, पण तुम्ही अर्धे बाहेर आलात म्हणून रस्ता तुमचा होत नाही. तिसरा म्हणजे पार्किंग लाइट, म्हणजे चारी इंडिकेटर एकदम लावले की आपल्याला वाट मिळते हा. त्या दिव्यांनी लोकांना सावध केलं तर केलं, हक्क काही मिळत नाही. शिवाय चारी दिवे लुकलुकत असताना तुम्ही कुठे वळणार हे समोरच्याला कळत नाही.

डोळे उशिरा पोचतात

गेटमधून रिव्हर्स अवघड का, हे एकदा आकड्यांत बघितलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या आपोआप पटतात.

साधी हॅचबॅक चार मीटरच्या आत असते. चालकाचे डोळे साधारण गाडीच्या मध्यावर येतात, म्हणजे मागचा बंपर डोळ्यांपासून सुमारे दोन मीटर मागे. आता पुण्यात कोथरूडकडे दिसते तशी एक सोसायटी घ्या. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीची कंपाउंडची भिंत, गेटला लागून दीड मीटरचा फुटपाथ, आणि पुढे नऊ मीटरचा दुतर्फा रस्ता. तुम्ही मागे येत आहात. तुमचे डोळे भिंतीच्या रेषेत येऊन फुटपाथ पहिल्यांदा नीट दिसतो, तेव्हा गाडीचा मागचा भाग अख्खा फुटपाथ ओलांडून अर्धा मीटर रस्त्यावर गेलेला असतो. फुटपाथवरून कुणी चालत असेल, तर ते तुम्हाला दिसण्याआधी गाडी त्यांच्या वाटेत आलेली असते. सेडान असेल तर मागची डिकी आणखी अर्धा मीटर पुढे.

दुसरा आकडा मागच्या काचेचा. हॅचबॅकमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतात आणि मागच्या काचेची खालची कड मीटरभर उंचीवर. या कडेवरून नजर तिरपी खाली जाते, पण फार हळूहळू. बंपरला लागून उभं असलेलं दोन-अडीच वर्षांचं मूल काचेतून दिसत नाही. ते दोनेक मीटर मागे असेल तर डोक्याचा शेंडा दिसतो. उकिडवं बसून मातीत खेळत असेल तर चारेक मीटरपर्यंत दिसणार नाही.

हे माझ्या शब्दावर ठेवू नका. रविवारी सकाळी गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा, किल्ली काढून खिशात ठेवा आणि आपल्या सीटवर बसा. घरातल्या कुणाला तरी पाण्याचा २० लिटरचा रिकामा जार बंपरमागे ठेवायला सांगा. तो जार साधारण अर्धा मीटर उंच असतो, म्हणजे बसलेल्या मुलाएवढा. जार पावलापावलाने मागे सरकवत न्यायचा आणि झाकण मागच्या काचेतून पहिल्यांदा दिसलं की थांबायचं. मग खाली उतरून ते अंतर पावलांनी मोजा. नंतर हेच डाव्या आणि उजव्या कोपऱ्याला करा, आरशात बघत. प्रत्येक गाडीचं अंतर वेगळं निघतं. मागच्या सीटचे हेडरेस्ट वर असतील तर आणखी वाढतं. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि मागे न दिसणारा पट्टा किती मोठा आहे हे त्यानंतर विसरता येत नाही.

बसण्याआधी

या पट्ट्यावर एकच उपाय खात्रीचा: गाडीत बसण्याआधी तिच्या मागून चालत जाणं. फेरी मारताना मागच्या चाकांशी आणि गाडीखाली एक नजर टाकायची. थंडीत आणि पावसाळ्यात कुत्री-मांजरं गाडीखाली बसलेली असतात. कुणाचा चेंडू चाकाशी दिसला तर त्या चेंडूमागे मूल येणार हे धरून चालायचं.

सगळ्यात जपायची वेळ म्हणजे घरातलं माणूस कामावर निघतं ती. आई किंवा बाबा गाडी काढताहेत म्हटल्यावर लहान मूल टाटा करायला दारातून धावत सुटतं, आणि घरातल्या प्रत्येकाला वाटतं की ते दुसऱ्या कुणाच्या तरी हाताशी आहे. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी मूल कुठे आहे हे विचारायचं नाही, बघायचं. ते कुणाच्या तरी कडेवर दिसलं पाहिजे, किंवा गाडीतच सीटवर बसलेलं असलं पाहिजे. ‘आत असेल’ हे उत्तर चालत नाही.

फेरी मारल्यावर लगेच निघायचं. फेरीनंतर फोन आला आणि तीन मिनिटं बोलत बसलात, तर ती फेरी वाया गेली, पुन्हा उतरायचं.

बसल्यावर, हलण्याआधी

दोन्ही बाजूंच्या काचा थोड्या खाली घ्या, गाणी बंद करा. भिंतीपलीकडची स्कूटर दिसण्याआधी ऐकू येते, आणि ‘अहो थांबा’ ही हाकही. पावसात काच बंद ठेवण्याचा मोह होतो, पण तेव्हा मागची काच आणि आरसे धूसर झालेले असतात, म्हणजे कान जास्त लागतात. आधी मागची काच फडक्याने पुसा. धुकं धरलं असेल तर डिफॉगर लावा, गाडीत डिफॉगर नसेल तर एसीने काच साफ होईपर्यंत थांबा.

आता ब्रेक दाबूनच रिव्हर्स गिअर टाका आणि दोन-तीन सेकंद तसेच थांबा. मागचा पांढरा दिवा लागतो. गाडी मागे येणार आहे हे आजूबाजूच्या माणसांना तेव्हा कळतं. गिअर पडताच गाडी हलवली तर दिवा लागून उपयोग काय?

शरीर डावीकडे वळवा. डावा हात शेजारच्या सीटच्या पाठीवर, उजवा हात स्टीअरिंगच्या वरच्या बाजूला, आणि नजर डाव्या खांद्यावरून मागच्या काचेतून. सीटबेल्ट अडत असेल तर वळण्याआधी थोडा सैल ओढून घ्या. नुसत्या आरशात बघून रिव्हर्स घेण्याची सवय ट्रकवाल्यांना असते, कारण त्यांच्याकडे मागची काच नसते. तुमच्याकडे आहे. आरसे अधूनमधून, काच मुख्य.

गेटमध्ये दोनदा थांबायचं

पाय ॲक्सिलरेटरवर नको. सपाट जागी क्लच अर्धा सोडून, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक हळूहळू सोडून, गाडी माणसाच्या चालीपेक्षा सावकाश मागे येऊ द्या. ताशी पाच किलोमीटरला गाडी सेकंदात सुमारे एक मीटर चाळीस सेंटिमीटर जाते. दहाला दोन मीटर ऐंशी. दचकून ब्रेकवर पाय जायला सेकंदभर लागतोच, तेवढ्यात फुटपाथ पार होतो. गेटजवळ वेग निम्मा ठेवण्याचं कारण हेच.

पहिला थांबा मागचा बंपर भिंतीच्या रेषेत आला की. अजून फुटपाथवर काहीच आलेलं नाही. इथे पूर्ण थांबायचं, हॉर्न एकदा अगदी छोटा वाजवायचा, कान देऊन ऐकायचं, आणि मग बोटभर बोटभर मागे यायचं. फुटपाथवरच्या माणसाला गाडीची शेपटी दिसली की तो थबकतो. तो थबकला म्हणून तुम्ही निघायचं नाही. त्याला हाताने पुढे जायला सांगा. आजी-आजोबा असतील, हातात पिशव्या असतील, तर त्यांना गाडीला वळसा घालून रस्त्यावर उतरायला लावू नका. गाडी हातभर पुढे घ्या आणि वाट मोकळी करा.

दुसरा थांबा मागचा बंपर फुटपाथच्या कडेला, रस्त्याला टेकला की. आता रस्त्यावरच्या गाड्यांचा प्रश्न सुरू होतो, आणि आपल्याकडच्या रस्त्याची एक गोम इथे आहे.

जवळची गाडी क्लीनर साइडने येते

आपण डावीकडून चालतो आणि चालक उजवीकडे बसतो. गेटमधून मागे येताना तुमचं तोंड घराकडे असतं. अशा वेळी रस्त्याच्या जवळच्या बाजूची वाहतूक तुमच्या डाव्या हाताकडून येते, म्हणजे क्लीनर साइडने. नेमका तिथेच मागचा जाड खांब, मागच्या सीटवरची माणसं, लटकवलेले कपडे आणि सनशेड. जो सगळ्यात आधी येऊन धडकू शकतो, तोच सगळ्यात कमी दिसतो. नवशिक्या माणूस मात्र आपल्या खिडकीतून उजवीकडे मान काढून बघतो, कारण तिथे बघणं सोपं असतं.

म्हणून क्रम असा ठेवा: डाव्या खांद्यावरून डावीकडची मागची काच, मग मधली काच, मग उजवीकडे, आणि हलण्याआधी पुन्हा डावीकडे. उजवीकडे बघायचं सोडू नका, कारण तिथून पलीकडच्या लेनची वाहतूक तर येतेच, पण राँग साइडने कडेकडेने येणारा दुचाकीवालाही तिथूनच येतो. तो चुकतो आहे हे खरं. तरी त्याला जाऊ द्यायचं, कारण रिव्हर्समध्ये तुम्ही आहात.

एकदाच बघून का भागत नाही, तेही हिशेबाने बघू. दुसऱ्या थांब्यावर बघितलं, डावीकडे भिंतीलगत उभ्या टेम्पोमुळे फक्त वीस मीटर दिसतंय, आणि तेवढा रस्ता रिकामा आहे. गाडी रस्त्यावर येऊन सरळ व्हायला पाच सेकंद तरी लागतात. ताशी तीस किलोमीटरने येणारी स्कूटर पाच सेकंदात सुमारे चाळीस मीटर कापते. म्हणजे निघताना दिसतही नव्हती अशी स्कूटर तुम्ही आडवे असताना येऊन पोचते. म्हणून गाडी सलग काढायची नसते: अर्धा मीटर मागे, थांबा, बघा, पुन्हा अर्धा मीटर. कुणी आलंच तर आहात तिथे थांबून राहा. त्याला वळसा घालून जाता येत असेल तर तो जाईल. येत नसेल तर पहिला गिअर टाकून गेटमध्ये परत जा. घाईघाईने बाहेर पडून ‘एकदाचं’ काढून टाकायचा प्रयत्न करू नका. अपघात बहुतेक या क्षणी होतात.

वळवायचं कुठे? स्टीअरिंग डावीकडे फिरवा, म्हणजे गाडीची शेपटी डावीकडे वळेल, नाक जवळच्या लेनच्या प्रवाहाच्या दिशेने होईल आणि पलीकडची लेन ओलांडावी लागणार नाही. तुम्हाला उलट दिशेला जायचं असलं तरी आधी असंच निघा आणि पुढे जागा बघून यू-टर्न घ्या. एक लक्षात ठेवा, शेपटी डावीकडे गेली की नाक उजवीकडे फेकलं जातं. सगळं लक्ष मागे असताना पुढचा उजवा कोपरा गेटच्या खांबाला घासून जातो. पुढची चाकं खांबाच्या रेषेबाहेर येईपर्यंत स्टीअरिंग थोडंच फिरवा.

रस्ता वन-वे असेल तर त्यात उलट्या दिशेने रिव्हर्स जायचं नाही, ‘दोनच घरं मागे जायचंय’ म्हणूनही नाही. बाहेर पडून गाडी सरळ झाली की रिव्हर्स संपला.

वॉचमन मागे उभा असताना

‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बस, लागली’ हा विनोद जुना आहे, पण त्यात तथ्य आहे. मागे उभा राहणारा मदत करतो, जबाबदारी घेत नाही. त्याने हात केला म्हणून तुम्ही आलात, तरी धडकेला तुम्हीच उत्तर द्यायचं.

त्याला आधी दोन गोष्टी सांगून ठेवा. गाडीच्या थेट मागे उभं राहायचं नाही. डाव्या आरशात दिसेल अशा बेताने फुटपाथवर डाव्या कोपऱ्याला राहायचं, कारण तुम्हाला न दिसणारी बाजू ती आहे. आणि थांबायची खूण एकच, हात वर आणि पंजा उघडा. तोंडाने ‘बस’ ओरडलेलं रहदारीत ऐकू येत नाही. आरशातून तो माणूस दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, तो कुठे गेला हे कळेपर्यंत हलायचं नाही. तुमच्यासाठी रस्त्यावरची वाहतूक अडवायला त्याला सांगू नका. भर रस्त्यात हात पसरून उभ्या राहिलेल्या वॉचमनला थांबायला कुणी बांधील नाही, आणि गाडी लागली तर त्यालाच लागेल.

सेन्सर आणि कॅमेरा

१ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारमध्ये मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत, त्यामुळे नवीन गाडी असेल तर ते तुमच्याकडे असतीलच. ते भिंत, खांब, दुसऱ्या गाडीचा बंपर ओळखायला चांगले. पण त्यांची पोच दीडेक मीटरच, आणि बारीक लोखंडी गज, बंपरखालचा दगड, किंवा टेम्पोतून बाहेर आलेला पाइप ते चुकवू शकतात. चिखलाने माखले तर उगाच वाजतात किंवा वाजतच नाहीत. धावत येणारं मूल सेन्सरच्या टप्प्यात येऊन बीप होईपर्यंत ब्रेकला वेळ उरत नाही.

कॅमेरा जमिनीलगतचं दाखवतो, आणि जारच्या प्रयोगात न दिसलेला बराच पट्टा त्यात दिसतो. त्यासाठी तो वापराच. पण भिंतीपलीकडून आडव्या येणाऱ्या स्कूटरचं त्याला काही कळत नाही. आणि पावसाळ्यात लेन्सवर चिखलाचा एक थेंब असला की पडद्यावर ढग दिसतो. फेरी मारताना लेन्स रुमालाने पुसा. पडद्यावर नजर खिळवून गाडी मागे घेणारा माणूस डावीकडे बघत नाही, हे मला कॅमेऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान वाटतं.

मॉलच्या आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये

इथे रस्त्याच्या जागी दोन रांगांमधली वाट असते, आणि नियम तोच: वाटेवरून जाणारी गाडी आधी, जागेतून निघणारी नंतर. शेजारी उंच एसयूव्ही उभ्या असतील तर त्या भिंतीचंच काम करतात, म्हणून इथेही बंपर शेजारच्या गाड्यांच्या रेषेत आला की पहिला थांबा. सामानाच्या ट्रॉल्या आणि गाडी शोधत फिरणारी माणसं यांच्याकडे लक्ष ठेवा. त्यांची नजर मोबाइलवर किंवा नंबरप्लेटवर असते.

समोरासमोरच्या दोन रांगांतून दोन गाड्या एकाच वेळी मागे निघाल्या तर? दोघांवरही सारखीच जबाबदारी आहे, प्राधान्य कुणालाच नाही. व्यवहारात जो जास्त बाहेर आलाय त्याला निघू द्यायचं आणि दुसऱ्याने पुढे घेऊन थांबायचं. दोघेही एकमेकांच्या पांढऱ्या दिव्यांकडे न बघता आले तर दोघांचीही चूक, आणि खर्च आपापला.

तुमची जागा रिकामी व्हायची वाट बघत एखादी गाडी टेकून उभी असते आणि तिच्यामागे रांग लागते. हॉर्न वाजतात. त्या दबावाखाली घाई करू नका. ती गाडी जवळ असेल तर हाताने मागे जायची खूण करा आणि ती सरकेपर्यंत थांबा.

या सगळ्यातून निम्मी सुटका एका सवयीने होते: येताना गाडी मागे घेत लावायची आणि जाताना तोंडाने बाहेर काढायची. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये घराच्या वाटेबद्दल हाच सल्ला आहे, शक्य तर आत रिव्हर्स घ्या आणि बाहेर सरळ या. हॅचबॅकमध्ये डोळे मध्यावरच असल्यामुळे पुढचं नाकही तेवढंच आधी बाहेर येतं, त्यामुळे गेटवरचे दोन थांबे तरीही घ्यायचेच. फरक दिसण्यात पडतो: पुढची मोठी काच, बाजूच्या दोन खिडक्या, मध्ये ना हेडरेस्ट ना जाड खांब. आणि आत रिव्हर्स घेताना जागा रिकामी आहे हे तुम्ही नुकतंच समोरून बघितलेलं असतं. डिकीत सामान भरायचं असेल किंवा मागे भिंत अगदी जवळ असेल तर गैरसोय होते, पण ती रोजची नसते. परदेशी राहणाऱ्यांसाठी एवढंच: अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात आणि चालक डावीकडे बसतो, त्यामुळे ड्राइव्हवेतून मागे येताना जवळची वाहतूक उजवीकडून येते. म्हणजे तिथेही चालकाच्या पलीकडच्याच बाजूने.

लागलीच तर

गाडी हलवण्याआधी दोन्ही गाड्यांचे, चाकांच्या दिशेचे आणि गेटपासूनच्या अंतराचे फोटो काढा. चूक रिव्हर्स घेणाऱ्याचीच, असं पोलीस आणि विमा कंपनी सुरुवातीला धरून चालतात. समोरचा बेदरकार वेगात होता, राँग साइडने होता, रात्री दिव्यांशिवाय होता, असं दाखवता आलं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोष दोघांत वाटू शकतं. पण ते दाखवायचं काम तुमचं, आणि गेटवरच्या सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांतच पुसलं जातं. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून त्याच दिवशी मागून घ्या.

माणसाला लागलं असेल तर त्याला दवाखान्यात पोचवणं, पोलिसांना २४ तासांच्या आत कळवणं आणि विमा कंपनीला सांगणं हे कलम १३४ प्रमाणे चालकाचं कर्तव्य आहे. ‘आमच्याच कंपाउंडमध्ये झालं, रस्त्यावर नाही’ यावर विसंबू नका. भारतीय न्याय संहितेचं बेदरकार गाडी चालवण्याचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्याबद्दल बोलतं, पण निष्काळजीपणाने इजा झाली तर कलम १२५ आणि मृत्यू झाला तर कलम १०६ लागतं, आणि त्या दोन्हींना रस्ता लागत नाही.

नुसता पोचा असेल आणि त्या गाडीचा मालक जवळ नसेल तर चिठ्ठीवर नाव, फ्लॅट नंबर आणि फोन लिहून वायपरखाली ठेवा आणि वॉचमनलाही सांगा. स्वतःच्या बंपरसाठी क्लेम टाकण्याआधी गॅरेजमधून खर्चाचा अंदाज घ्या. क्लेम न केलेल्या वर्षांचा नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जातो, आणि साधारणतः एका क्लेमने तो शून्यावर येतो. हजार-दोन हजारांच्या रंगकामासाठी तो घालवणं परवडत नाही. डिकीचा दरवाजा आणि दिवा दोन्ही बदलायचे असतील तर क्लेमच परवडतो.